नावं पाठ, पण रक्ताची वाट चुकते: हृदयाचा धडा दोन तासांत

पत्र: नमस्कार. मी नाशिकला सातपूर भागातल्या एका मराठी शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. वर्गात 48 मुलं आहेत. हृदयाची आकृती मुलं छान काढतात, नावंही बरोबर देतात. पण 'पायाच्या अंगठ्यातून निघालेलं रक्त परत अंगठ्यापर्यंत कसं येतं ते लिहा' असं विचारलं की निम्म्याहून जास्त वर्ग गडबडतो. कुणी फुप्फुस विसरतं, कुणी उजवीकडून थेट डावीकडे जातं. प्रोजेक्टर नाही, फळा, रंगीत खडू आणि समोरचं पटांगण आहे. 35 मिनिटांचे दोन तास मिळतील. आकृती आणि रक्ताची वाट यांची सांगड कशी घालू? आणि आपलं नेमकं कुठे चुकलं हे मुलांना स्वतःच कळेल अशी एखादी छोटी चाचणी सुचवाल का?
— एक विज्ञान शिक्षिका

उत्तर:

ताई, धडा सुरू करण्याआधी एक प्रयोग करा. ज्या मुलाला सगळी नावं येतात त्याच्यापुढे नावं नसलेली आकृती उलटी धरा, म्हणजे हृदयाचं टोक वर आणि महाधमनी खाली. बहुतेक मुलं वर आलेल्या कप्प्यांना अलिंद म्हणतील, कारण त्यांनी कप्पा ओळखलेला नसतो, कागदावरची जागा लक्षात ठेवलेली असते. वरचा डावा कोपरा म्हणजे उजवा अलिंद, एवढंच त्यांच्या डोक्यात असतं. वाट विचारली की जागा उपयोगी पडत नाही. कोणता कप्पा कशाला जोडलेला आहे हे माहीत लागतं आणि नेमकं तेच आकृतीत नीट दिसत नाही.

म्हणून सुरुवात आकृतीपासूनच करू. पहिल्या तासाला चौदा नावं पुरेत: चार कप्पे, मधला पडदा, चार झडपा आणि पाच रक्तवाहिन्या, म्हणजे ऊर्ध्व महाशिरा, अधो महाशिरा, फुप्फुस धमनी, फुप्फुस शिरा आणि महाधमनी. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूंना रक्त देणाऱ्या धमन्या, झडपांचे दोर आणि ठोका सुरू करणारी गाठ हे सगळं नंतर. जुन्या पुस्तकांत आणि काही गाइडांत अलिंदाला कर्णिका आणि निलयाला जवनिका म्हटलेलं असतं. वर्गात एकच जोडी ठेवा, नाहीतर मोठ्या भावंडांच्या वहीवरून अभ्यास करणाऱ्या मुलांना हृदयात आठ कप्पे आहेत असं वाटू लागतं.

पहिला घोळ डाव्या-उजव्याचा. आकृती आपल्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाची असते, त्यामुळे कागदाच्या डाव्या बाजूला हृदयाची उजवी बाजू येते. हे दहा वेळा सांगून उपयोग होत नाही. आकृतीचा कागद, चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून, मुलांना स्वतःच्या छातीवर धरायला सांगा. आता उजवा अलिंद त्यांच्या उजव्या हाताकडे येतो. मग कागदाच्या दोन्ही कडांना 'उजवा हात' आणि 'डावा हात' असं लिहून घ्या. या दोन शब्दांना गुण नसतात, पण ते लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरा घोळ जास्त खोल आहे आणि तुमच्या वर्गात फुप्फुस विसरलं जातं त्याचं मूळ बहुधा तिथेच असावं. फुप्फुस धमनी उजव्या निलयातून निघते, पण वर जाताना ती डाव्या बाजूला झुकते. महाधमनी डाव्या निलयातून निघते, पण ती आधी उजवीकडे चढते, फुप्फुस धमनीच्या मागून, आणि मग कमान करून डावीकडे वळते. म्हणजे या दोन मोठ्या नळ्या निघताना एकमेकींना ओलांडतात. आकृतीत निलयांच्या वर त्या एकमेकींना चिकटून दिसतात. मुलाचं बोट उजव्या निलयातून वर सरकतं आणि ओलांडणीपाशी सहज दुसऱ्या नळीत शिरतं. झालं, रक्त फुप्फुसात न जाताच महाधमनीत पोहोचलं. मूल बेफिकीर नसतं. आकृतीनेच त्याला तिकडे नेलेलं असतं.

यावर उपाय आकृती काढण्याच्या क्रमात आहे. आधी बाहेरची रूपरेषा आणि मग आतलं भरणं, या सवयीला फाटा द्या. फळ्यावर पहिल्यांदा मधला पडदा एका जाड उभ्या रेषेने काढा. मग उजवा अलिंद आणि त्याखाली उजवा निलय. दोन महाशिरा निळ्या खडूने वरून आणि खालून उजव्या अलिंदात आणा. उजव्या निलयातून फुप्फुस धमनी निळ्या खडूनेच पूर्ण काढा, तिचे दोन फाटे दोन्ही फुप्फुसांपर्यंत न्या. इथे थांबा. उजवी बाजू हा एक पूर्ण पंप आहे आणि अजून डावी बाजू फळ्यावर आलेलीच नाही, हे मुलांना पाहू द्या. त्यानंतर लाल खडूने फुप्फुस शिरा, डावा अलिंद, डावा निलय आणि शेवटी महाधमनी. महाधमनी जिथे फुप्फुस धमनीच्या मागून जाते तिथे लाल रेष तोडा आणि पलीकडे पुन्हा सुरू करा. एवढ्या तुटलेल्या रेषेने कोण पुढे आणि कोण मागे हे कळतं.

फुप्फुस शिरा चार असतात, प्रत्येक फुप्फुसातून दोन, आणि चारही डाव्या अलिंदात मागच्या बाजूने येतात. उजव्या फुप्फुसाकडच्या दोन शिरा उजव्या अलिंदाच्या मागून जातात, म्हणून पुस्तकी आकृतीत त्या उजव्या अलिंदालाच जोडल्यासारख्या दिसतात. त्या ठिपक्यांच्या रेषेने दाखवा आणि डाव्या अलिंदापर्यंत नेऊनच थांबवा.

काढतानाच निलयांच्या भिंतींची जाडी दाखवा. उजव्या निलयाची भिंत एक बोट काढली तर डाव्याची जवळपास तीन बोटं. प्रौढ माणसात उजव्या निलयाची भिंत साधारण 3 ते 5 मिलिमीटर आणि डाव्याची 8 ते 12 मिलिमीटर असते. पुढे चाचणीत याच जाडीवरून बाजू ओळखायची आहे.

आता वाट. छापील बाण असलेली आकृती देऊ नका. बाण असले की मूल ते फक्त पाहतं आणि समजल्यासारखं वाटतं. प्रत्येक जोडीला बाण नसलेली एक आकृती आणि निळी-लाल अशा दोन पेन्सिली द्या. बोट पायाच्या अंगठ्यावर ठेवून सुरुवात करायची आणि अंगठ्यावरच संपवायची. एकाने बोट फिरवत मोठ्याने सांगायचं, दुसऱ्याने पेन्सिलीने रेष ओढायची. प्रत्येक टप्प्यावर दोनच गोष्टी बोलायच्या: आत्ता कुठे आहे, आणि तिथे येताना कोणती झडप ओलांडली.

पूर्ण वाट अशी येते. अंगठ्यातल्या केशवाहिन्या, पायाच्या शिरा, अधो महाशिरा, उजवा अलिंद, त्रिदली झडप, उजवा निलय, फुप्फुस धमनीच्या तोंडाची अर्धचंद्राकृती झडप, फुप्फुस धमनी, फुप्फुसातल्या केशवाहिन्या, फुप्फुस शिरा, डावा अलिंद, द्विदली झडप, डावा निलय, महाधमनीच्या तोंडाची अर्धचंद्राकृती झडप, महाधमनी, पायाच्या धमन्या आणि पुन्हा अंगठा. हृदयातल्या चार झडपा एकेकदा ओलांडल्या गेल्या पाहिजेत. तीनच मोजल्या तर काहीतरी सुटलंय, आणि ते शोधायला तुमची गरज नाही.

पेन्सिलीचा नियम मात्र कडक ठेवा: हृदयाच्या आत पेन्सिल बदलायची नाही. रंग फक्त दोनच ठिकाणी बदलतो, फुप्फुसातल्या केशवाहिन्यांत निळ्याचा लाल आणि शरीरातल्या केशवाहिन्यांत लालचा निळा. कारण वायूंची देवाणघेवाण फक्त केशवाहिन्यांच्या पातळ भिंतीतूनच होते. हृदयाचे कप्पे आणि जाड नळ्या रक्त नुसतं पुढे ढकलतात. हृदयाच्या आत असताना मुलाला पेन्सिल बदलावीशी वाटली, तर त्याने पडदा ओलांडलेला आहे. अशा वेळी बोट मागे घेऊन कुठून ओलांडला ते शोधायचं. 'उजव्या अलिंदातून डाव्या अलिंदात' ही नेहमीची चूक या एका नियमाने जोडीतल्या जोडीतच पकडली जाते.

निळा रंग ही सोय आहे, हे त्याच तासाला सांगून टाका. शिरांतलं रक्त गडद लाल असतं. विश्रांतीच्या वेळी उजव्या बाजूला परतलेल्या रक्तातही हिमोग्लोबिनवर सुमारे 75 टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो. धमनीतल्या रक्तात तो 95 ते 100 टक्के असतो. 'अशुद्ध रक्त' म्हटलं की मुलांना ते घाण, ऑक्सिजन नसलेलं आणि फेकून देण्याजोगं वाटतं. कमी ऑक्सिजनचं आणि जास्त ऑक्सिजनचं असं म्हणा, वाक्य थोडं लांबलं तरी चालेल.

आता एका उत्तराकडे पाहू. समजा एका मुलीने लिहिलं: अधो महाशिरा, उजवा अलिंद, उजवा निलय, फुप्फुस शिरा, फुप्फुस, फुप्फुस धमनी, डावा अलिंद, डावा निलय, महाधमनी. बऱ्याचदा यावर लाल रेघ मारून 'पुन्हा लिही' असा शेरा येतो. पण नीट वाचलं तर तिची वाट अगदी बरोबर आहे. एकही कप्पा सुटलेला नाही, पडदा ओलांडलेला नाही, फुप्फुसही आलं आहे. फक्त दोन नावांची अदलाबदल झाली आहे, कारण तिच्या मते धमनी म्हणजे लाल आणि शिरा म्हणजे निळी. तिला पूर्ण वाट पुन्हा लिहायला लावली तर ती तीच दोन नावं पुन्हा तशीच लिहील. तिला एकच प्रश्न विचारा: या नळीतलं रक्त हृदयापासून दूर चाललंय की हृदयाकडे येतंय? दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शिरा. मग 'शरीरातली कोणती धमनी कमी ऑक्सिजनचं रक्त नेते?' याचं उत्तर तिच्याच कागदावर तिला सापडेल.

दुसऱ्या मुलाने 'उजवा निलय, महाधमनी' असं लिहिलं तर त्याची चूक नावाची नसून ओलांडणीची आहे. त्याला फळ्यावरची तुटलेली लाल रेष बोटाने पुन्हा गिरवू द्या. तिसऱ्याने सगळं बरोबर लिहिलं पण झडपा गाळल्या, तर त्याने ओळ पाठ केली आहे असं समजा आणि अंगठ्याऐवजी डाव्या तळहातापासून सुरुवात करायला सांगा. ऊर्ध्व महाशिरेने यायला हवं हे त्याला सुचलं, तर वाट समजलेली आहे.

बोट फिरवण्याचा एक दुष्परिणाम होतो, तो टाळायला हवा. बोट एका वेळी एकाच जागी असतं, त्यामुळे आधी उजवी बाजू धडधडते आणि मग डावी, असं मुलांच्या मनात बसतं. प्रत्यक्षात दोन्ही अलिंद जवळपास एकत्र आकुंचन पावतात आणि मग दोन्ही निलय एकत्र. मिनिटाला 75 ठोके धरले तर एक ठोका 0.8 सेकंदाचा होतो. त्यात अलिंद साधारण 0.1 सेकंद आणि निलय 0.3 सेकंद आकुंचन पावतात, उरलेले 0.4 सेकंद सगळं हृदय सैल असतं. बोट हे रक्ताच्या एका थेंबाची वाट दाखवतं, ठोक्याची वेळ दाखवत नाही. हा फरक फळ्यापुढे बसून पटत नाही. त्यासाठी दुसऱ्या तासाला पटांगणावर जा.

जमिनीवर पांढऱ्या रांगोळीने सुमारे चार मीटर लांब आणि तीन मीटर रुंद असे चार कप्पे आखा. पावसाळ्यात हे व्हरांड्याच्या फरशीवर खडूनेही होतं, फक्त कप्पे लहान होतील. कप्प्यांच्या एका बाजूला 'फुप्फुसं' आणि दुसऱ्या बाजूला 'शरीर' असे दोन चौकोन ठेवा. नळ्या निळ्या आणि लाल रांगोळीने काढा. प्रत्येक झडपेवर दोन मुलं समोरासमोर उभी करा. हात जोडले की झडप बंद, सोडले की उघडी. अशी आठ. उजव्या अलिंदात तीन, डाव्या अलिंदात तीन, फुप्फुसांत तीन आणि शरीरात सहा मुलं 'रक्त' म्हणून. प्रत्येकाच्या हातात एक पुठ्ठा, एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने निळा. ही 23 मुलं झाली. उरलेल्या 25 जणांनी बाजूला बसून आपल्या कागदावर नजर ठेवायची आणि चूक दिसली की हात वर करायचा. दहा मिनिटांनी गट बदला.

तुम्ही दोन टाळ्या वाजवायच्या. पहिल्या टाळीला दोन्ही अलिंदांतली मुलं एकदम खालच्या निलयांत जातात. दुसऱ्या टाळीला त्रिदली आणि द्विदली झडपांवरची मुलं हात जोडतात आणि 'लब' म्हणतात. निलयांतली मुलं बाहेर पडतात, उजवीकडची फुप्फुसांकडे आणि डावीकडची शरीराकडे, आणि ती बाहेर पडताच अर्धचंद्राकृती झडपांवरची मुलं हात जोडून 'डब' म्हणतात. त्याच वेळी फुप्फुसांतून तीन आणि शरीरातून तीन मुलं अलिंदांत येतात. पुठ्ठा फक्त त्या दोन चौकोनांत उलटायचा. पाच-सहा ठोके झाले की स्टेथोस्कोपमध्ये ऐकू येणारा 'लब-डब' हा झडपा बंद होण्याचा आवाज आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही.

यानंतर या खेळाचा सगळ्यात उपयोगी भाग येतो, तो घाईत गाळू नका. डाव्या निलयातल्या मुलांना सांगा की आता दर ठोक्याला तिघांऐवजी दोघांनीच बाहेर पडायचं. उजवी बाजू तीनच पाठवत राहील. चार ठोक्यांत डावीकडे गर्दी होते आणि शरीराच्या चौकोनात माणसं कमी पडतात. खऱ्या हृदयात डावा निलय दुबळा झाला तर असंच घडतं: रक्त डाव्या अलिंदात आणि मग फुप्फुसांच्या वाहिन्यांत तुंबतं, तिथला दाब वाढतो आणि माणसाला धाप लागते. म्हणजे दोन्ही बाजू दर मिनिटाला सारखंच रक्त पाठवतात, पाठवायलाच हवं. प्रौढ माणसात विश्रांतीच्या वेळी प्रत्येक निलय एका ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर रक्त बाहेर टाकतो. 70 गुणिले 72 ठोके हा गुणाकार मुलांकडूनच करून घ्या: 5040 मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे पाच लिटर. शरीरात एकूण रक्तही साधारण तेवढंच असतं. विल्यम हार्वे यांनी 1628 साली याच तऱ्हेच्या हिशेबावरून मांडलं होतं की इतकं रक्त दर वेळी नव्याने तयार होणं शक्य नाही, तेच ते फिरत असलं पाहिजे.

मग डाव्या निलयाची भिंत जाड का? इथे जवळजवळ प्रत्येक वर्गात 'तो जास्त रक्त पाठवतो म्हणून' असं उत्तर येतं. रक्त सारखंच असतं, जोर वेगळा लागतो. तळमजल्यावरच्या टाकीत आणि चौथ्या मजल्याच्या गच्चीवरच्या टाकीत मिनिटाला सारखंच पाणी सोडायचं असेल तरी गच्चीसाठी मोटर दमदार लागते. फुप्फुसं शेजारीच आहेत आणि तिथल्या वाहिन्या रक्ताला फार अडवत नाहीत. उजव्या निलयात आकुंचनाच्या वेळी दाब सुमारे 25 मिलिमीटर पारा असतो. डाव्या निलयात तो सुमारे 120 असतो.

हाताला जाडी कळावी असं वाटत असेल तर बोकडाचं हृदय उपयोगी पडतं, त्यातही असेच चार कप्पे असतात. खाटकाला आधी सांगून ठेवा की हृदय चिरू नका आणि वरच्या नळ्या दोन-तीन बोटं राहू द्या, नाहीतर नळ्या मुळाशी कापून मिळतात आणि काहीच ओळखता येत नाही. बाहेरून दोन बोटांच्या चिमटीत दाबलं की घट्ट लागते ती डावी बाजू, मऊ दबते ती उजवी. मुख्याध्यापकांची आणि पालकांची संमती घ्या, हातमोजे वापरा, कुणावर सक्ती करू नका. श्रावणात तर हा विचार बाजूलाच ठेवा. आकृती आणि पटांगण यांवर धडा पुरा होतो.

चाचणीसाठी दुसऱ्या तासाची शेवटची सात मिनिटं ठेवा. नाव विचारणारा एकही प्रश्न नको. पाच प्रश्न फळ्यावर लिहा, मुलांनी उत्तरं शाईच्या पेनाने लिहायची आणि खोडायचं नाही.

1. नावं नसलेली आणि उलटी धरलेली आकृती. यात डावा निलय कोणता, आणि कशावरून?
2. दंडाच्या शिरेत औषधाचं इंजेक्शन दिलं. ते मेंदूपर्यंत पोहोचताना हृदयातल्या किती झडपा ओलांडेल?
3. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आणि सुटून वाहू लागली. ती पहिल्यांदा कोणत्या अवयवात अडकेल?
4. द्विदली झडप नीट बंद होत नाही. डावा निलय आकुंचन पावला की थोडं रक्त मागे कुठे जाईल?
5. चूक की बरोबर: डावा निलय उजव्यापेक्षा दर मिनिटाला जास्त रक्त बाहेर टाकतो.

तपासण्यासाठी उत्तरपत्रिका देण्याऐवजी 'परत कुठे जायचं' अशी चिठ्ठी द्या. पहिल्याला 'वर आहे म्हणून' किंवा 'खाली आहे म्हणून' असं कारण लिहिलं असेल, तर भिंतींची जाडी मोजायची. दुसऱ्याचं उत्तर चार आहे. दोन आलं असेल तर त्याने औषध थेट डाव्या बाजूला नेलं आहे किंवा उजवीकडूनच मेंदूकडे पाठवलं आहे, म्हणून दंडावर बोट ठेवून पुन्हा निघायचं. तिसऱ्यात 'मेंदू' किंवा 'हृदय' ही उत्तरं हमखास येतात. शिरा हृदयाकडे येताना रुंद होत जातात आणि हृदयाचे कप्पे मोठे असतात, त्यामुळे गुठळी तिथून सहसा पुढे निघून जाते. फुप्फुस धमनी मात्र फाटे फुटून अरुंद होत जाते, म्हणून गुठळी फुप्फुसात अडकते. हे ज्याला चुकलं त्याने उजव्या निलयापासून पुढची वाट गिरवायची. चौथ्याला 'उजवा अलिंद' लिहिणाऱ्याने कागद छातीवर धरून बाजू पुन्हा पाहायची. पाचवं विधान चूक आहे. 'बरोबर' लिहिणाऱ्याने पटांगणावरची डावीकडची गर्दी आठवून दोन ओळींत कारण लिहायचं.

दुरुस्ती दुसऱ्या रंगाच्या पेनाने, मूळ उत्तराच्या खाली. मग तुम्हाला 48 वह्या शब्द न् शब्द वाचाव्या लागणार नाहीत. कोणत्या प्रश्नाखाली दुसरा रंग जास्त दिसतो ते पाहा. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नांखाली जास्त असेल तर ओलांडणीची आकृती पुन्हा काढा. चौथ्याखाली असेल तर डावं-उजवं अजून पक्कं झालेलं नाही. फक्त पाचव्याखाली असेल तर वाट बसली आहे, दाबाचा मुद्दा राहिला आहे.

आठवड्याने याच चाचणीतला दुसरा आणि तिसरा प्रश्न जागा बदलून विचारा: इंजेक्शन दंडाऐवजी पायाच्या शिरेत, आणि गुठळी पायाऐवजी डाव्या अलिंदात. इंजेक्शनच्या प्रश्नाचं उत्तर चारच राहतं. गुठळीच्या प्रश्नाचं बदलतं, कारण डाव्या अलिंदातली गुठळी महाधमनीतून शरीरात जाते आणि मेंदूच्या धमनीतही अडकू शकते. ज्या मुलाने मागच्या वेळी 'फुप्फुस' हे उत्तर नुसतं लक्षात ठेवलं असेल तो इथे पुन्हा फुप्फुसच लिहील. त्याला अंगठ्यापासून नाही, डाव्या अलिंदापासून बोट फिरवायला सांगा.